प्रॉडक्शन बंद पडल्यानंतरचा ‘ब्लेमलेस’ रिव्ह्यू: तुम्ही कसा घेता?

निशाचर | बुधवार, रात्री १०:४०

पुण्यात आमची नऊ जणांची टीम आहे, घरपोच किराण्याचं ॲप चालवतो. काल, मंगळवारी, ११:४२ ते १२:०९ अशी २७ मिनिटं एकही ऑर्डर घेता आली नाही. वरवर पाहता कारण सोपं आहे. आठ महिन्यांपूर्वी लागलेल्या आमच्या ज्युनियरने `orders` टेबलात एक कॉलम वाढवणारं मायग्रेशन चालवलं आणि लगेच सगळं अडकलं.

शुक्रवारी चार वाजता रिव्ह्यू आहे, तो मी घ्यायचा आहे. वर्षभरात असे दोन रिव्ह्यू झालेत. दोन्ही वेळा पहिल्या पाच मिनिटांत “हे कुणी केलं?” झालं, ज्याने केलं त्याने मान खाली घातली आणि “यापुढे काळजी घेऊ” असं लिहून सगळे उठले. दुसऱ्या आउटेजचं कारण पहिल्याच वेळी सापडलं असतं, पण तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. यावेळी तसं होऊ द्यायचं नाहीये.

मॅनेजर म्हणतात, “ब्लेमलेस घ्या, माझी हरकत नाही.” पण कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना आहे आणि तो मोकळा ठेवला तर फॉर्म पुढेच जात नाही. आणि ज्युनियर कालपासून कुणाशी धड बोलत नाही. “चूक पूर्णपणे माझी होती” अशी मेल त्याने सगळ्या टीमसाठी लिहून ठेवली आहे, पाठवू का म्हणून विचारतोय.

ज्यांनी असे रिव्ह्यू खरोखर घेतलेत त्यांनी सांगा, खोलीत नेमकं काय करता? “एकमेकांना दोष देऊ नका” असं सुरुवातीला म्हणून काही होत नाही, ते करून झालंय.

---

मोगरा | बुधवार, रात्री १०:५२

ती मेल पाठवू देऊ नका. सविस्तर नंतर लिहिते.

---

भोसरीकर | बुधवार, रात्री ११:०५

नमस्कार. कोणतं मशीन बंद पडलं होतं? २७ मिनिटं लाईन थांबली म्हणजे कस्टमरकडे ८डी द्यावा लागणारच. मी प्रेस शॉपला २२ वर्षं काढली आहेत. डाय बदलताना झालं का?

---

निशाचर | बुधवार, रात्री ११:११

काका, आमचं ‘प्रॉडक्शन’ म्हणजे गिऱ्हाईक वापरतात ती चालू सिस्टिम, कारखान्यातलं नव्हे. पण तुमच्याकडे लाईन थांबल्यावर काय विचारतात ते वाचायला आवडेल, नक्की लिहा.

---

आयरिश_पाऊस | गुरुवार, पहाटे ३:२०

डब्लिनहून लिहितेय, म्हणून ही वेळ. गेली नऊ वर्षं माझं कामच हे आहे. आउटेज झालं की दुसऱ्या टीमचा रिव्ह्यू घ्यायला आम्हाला बोलावतात.

शुक्रवारच्या आधी दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे संबंधित प्रत्येकाशी एकेकट्याने अर्धा तास बोला, ज्युनियरशी सर्वात आधी. “तू असं का केलंस?” हा प्रश्न अजिबात विचारू नका. ‘का’ म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो आणि सफाईत नेमके कामाचे तपशील गळतात. त्याऐवजी विचारा: “तेव्हा तुझ्यासमोर स्क्रीनवर काय दिसत होतं? ते पाहून तुला काय वाटलं? मग तू काय केलंस?” एवढे तीनच प्रश्न, प्रत्येक वळणावर पुन्हा पुन्हा. त्याने जे केलं ते त्याला त्या क्षणी बरोबर वाटलं होतं. कशामुळे बरोबर वाटलं, हे काढायचंय.

दुसरी म्हणजे टाईमलाईन. लोकांच्या आठवणीवरून नको, चॅट, अलर्ट आणि लॉग यांतून घ्या. तिच्यात मतं घालू नका. “वेळेत लक्षात आलं नाही” हे मत झालं. “११:४५ ला अलर्ट आला, ११:५४ ला ॲप रिस्टार्ट केलं” ही नोंद झाली.

आधी ती टाईमलाईन इथे टाका बरं. ‘मायग्रेशन चालवलं आणि अडकलं’ यावर माझा विश्वास नाही. कॉलम वाढवायला २७ मिनिटं लागत नाहीत. डेटाबेस कोणता?

---

निशाचर | गुरुवार, दुपारी १:३०

आभार. सकाळी चौघांशी बोललो. डेटाबेस पोस्टग्रेस. आतापर्यंत जमलेलं असं:

११:०९ ला आमच्या ॲनालिस्टने रिपोर्टसाठी `orders` वर एक साधी क्वेरी चालवली. चार सेकंदांत उत्तर आलं, तिने ते एक्सेलमध्ये घेतलं आणि ती दुसऱ्या कामाला लागली. पण तिच्या टूलमध्ये ऑटो-कमिट बंद होतं, त्यामुळे ट्रान्झॅक्शन उघडंच राहिलं.

११:४२ ला मायग्रेशन सुरू. ज्युनियर म्हणतो, समोर काहीच आलं नाही. ना एरर, ना ‘झालं’. नुसता कर्सर लुकलुकत होता. स्टेजिंगवर हेच मायग्रेशन डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं होतं, पण “प्रॉडवरचं टेबल मोठं आहे, वेळ लागत असेल” असं त्याला वाटलं आणि तो थांबला.

११:४५ ला अलर्ट. ११:४७ ला त्याने स्वतःच चॅटवर टाकलं होतं: “माझं मायग्रेशन चालू आहे, पण फक्त कॉलम वाढवतोय, संबंध नसावा.” ऑन-कॉल इंजिनियरने डेटाबेसचा डॅशबोर्ड उघडला, सीपीयू ६ टक्के दिसला, म्हणून डेटाबेस ठीक आहे असं धरलं आणि ११:५४ ला ॲपचे तिन्ही सर्व्हर रिस्टार्ट केले. ११:५६ पासून `FATAL: remaining connection slots are reserved for roles with the SUPERUSER attribute` यायला लागलं.

१२:०३ ला आमची सीनियर दवाखान्यातून फोनवर आली. तिने `postgres` युजरने लॉगिन करून ही क्वेरी चालवली:

```sql
SELECT pid, state, xact_start, pg_blocking_pids(pid), query
FROM pg_stat_activity
WHERE wait_event_type = 'Lock' OR state = 'idle in transaction';
```

१२:०९ ला तिने ॲनालिस्टचं सेशन तोडलं आणि काही सेकंदांत सगळं सुरळीत झालं.

---

थेट_मुद्दा | गुरुवार, दुपारी १:५५

मग झालं की. रूट कॉज मिळालं, ॲनालिस्टचं उघडं ट्रान्झॅक्शन. ज्युनियर सुटला. तिला प्रॉडचा ॲक्सेस कशाला हवा? काढून घ्या, विषय संपला. पाच वेळा ‘का’ विचारलं की मूळ कारण हाती लागतंच, एवढं लांबण लावायची गरज नाही.

---

मोगरा | गुरुवार, दुपारी २:१०

कालपर्यंत मान खाली घालणारा ज्युनियर होता, आता ॲनालिस्ट झाली. माणूस बदलला, बाकी खोली तीच.

माझी गोष्ट सांगते. सहा वर्षांपूर्वी एका कंपनीत (नाव घेत नाही) माझ्या हातून चुकीच्या कॉन्फिगमुळे पेमेंट दोन तास बंद पडलं. मी त्या रात्रीच सगळ्यांना माफीची मेल केली. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू झालाच नाही. मॅनेजर म्हणाले, “तिने कबूल केलंय, आता आणखी काय बोलायचं?” मला मोठेपणा वाटला तो. पण ज्या स्क्रिप्टने ती कॉन्फिग न तपासता पुढे ढकलली ती तशीच राहिली. चार महिन्यांनी तीच स्क्रिप्ट, तीच चूक, दुसरी मुलगी. ती माझ्या शेजारी बसायची. तिला रडताना पाहिलं तेव्हा कळलं की माझ्या माफीने काय झाकलं गेलं होतं.

म्हणून म्हटलं, मेल नको. माफी मागितली की सगळ्यांना वाटतं तपास झाला. त्याला सांगा, मेल लिहायचीच असेल तर तुला काय दिसलं ते लिही.

---

निशाचर | गुरुवार, दुपारी २:२४

मोगरा, तुमचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. मेल त्याने खोडली.

---

आयरिश_पाऊस | गुरुवार, संध्याकाळी ५:४०

टाईमलाईन छान काढलीत. आता थेट_मुद्दा यांच्याशी थोडं भांडते.

उघडं ट्रान्झॅक्शन हे कारण आहेच, नाही म्हणत नाही. पण तसं ट्रान्झॅक्शन रोज उघडं राहत असणार आणि रोज काही होत नाही. नुसत्या वाचणाऱ्या क्वेरीचं लॉक इतकं हलकं असतं की त्याच्या शेजारी हजारो ऑर्डरी आरामात चालतात. मायग्रेशनही एरवी निमूट होतं. दोन्ही एकत्र आले तेव्हा काय झालं ते बघा. `ALTER TABLE` ला टेबल पूर्णपणे एकट्यासाठी हवं असतं. ॲनालिस्टचं हलकं लॉक सुटेपर्यंत ते रांगेत थांबलं. आणि पोस्टग्रेसमध्ये रांग म्हणजे रांग. मागून आलेली साधी `SELECT` सुद्धा त्या `ALTER` च्या पुढे घुसू शकत नाही. म्हणजे काम न करता नुसतं ताटकळणाऱ्या मायग्रेशनने अख्खं टेबल बंद केलं. म्हणूनच सीपीयू ६ टक्के होता. सगळे वाट बघत उभे, काम कुणीच करत नव्हतं.

स्टेजिंगवर हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे कुणी ॲनालिस्ट बसत नाही.

आणि ते रिस्टार्ट. ॲप मारलं तरी लॉकसाठी थांबलेल्या जुन्या कनेक्शनला डेटाबेसच्या बाजूला पत्ताच लागत नाही की पलीकडचा माणूस गेला. ती तशीच जागा अडवून बसतात आणि नवीन ॲप नव्याने कनेक्शन मागतं. तुमचे तीन सर्व्हर प्रत्येकी किती घेतात?

पाच ‘का’ मध्ये हे सगळं बसवून दाखवा. एका साखळीने उत्तर एकच मिळतं, आणि ते कुठल्या टोकाने सुरू केलं त्यावर ठरतं. ज्युनियरपासून सुरू केलं तर ‘प्रशिक्षण द्या’, ॲनालिस्टपासून केलं तर ‘ॲक्सेस काढा’.

---

निशाचर | गुरुवार, संध्याकाळी ६:०२

प्रत्येकी ३०, आणि डेटाबेसची मर्यादा १००. म्हणजे रिस्टार्टपूर्वी ९० भरलेली आणि नंतर आणखी ९० ची मागणी. आता कळलं ११:५६ ला काय झालं. सीनियर आत शिरू शकली कारण सुपरयुजरसाठी पोस्टग्रेस तीन जागा राखून ठेवतं. तो पासवर्ड फक्त तिच्याकडे होता.

---

शब्दवेडा | गुरुवार, रात्री ८:१५

तांत्रिक भाग माझ्या आवाक्याबाहेरचा, पण ‘ब्लेमलेस’ला मराठीत काय म्हणाल? ‘निर्दोष आढावा’ म्हटलं तर ज्या आढाव्यातच चूक नाही असा अर्थ होतो. ‘दोषमुक्त’ म्हणजे कोर्टाने सोडलेला.

---

मोगरा | गुरुवार, रात्री ८:२१

‘बोट न दाखवता’?

---

शब्दवेडा | गुरुवार, रात्री ८:२६

हे आवडलं. “शुक्रवारी चार वाजता बोट न दाखवता बसू.” कुणालाही समजेल.

---

भोसरीकर | गुरुवार, रात्री ९:३०

आता विषय समजला. आमच्याकडचं सांगतो.

प्रेसवर एक ब्रॅकेट बनायचा, डावा आणि उजवा. दिसायला जवळजवळ सारखे. वेल्डिंगला एकदा डाव्याच्या जागी उजवा लागला, ४०० नग वाया. ऑपरेटरला मेमो. दोन महिन्यांनी दुसऱ्या पाळीत पुन्हा तेच, पुन्हा मेमो. तिसऱ्या वेळी आमच्या जुन्या टूलरूमच्या मिस्त्रींनी साहेबांना न विचारता फिक्श्चरवर आठ मिलिमीटरची एक पिन ठोकली. उजवा ब्रॅकेट आता तिथे बसतच नाही. त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत तो दोष आला नाही. पोका-योके म्हणतात ते हेच.

आम्ही व्हाय-व्हाय कागदावर करायचो, पण शेवटच्या रकान्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आलं की आमचे क्वालिटीचे साहेब कागद परत पाठवायचे. म्हणायचे, दुर्लक्षाला पिन ठोकता येत नाही, जिथे पिन ठोकता येईल तिथपर्यंत जा.

तुमच्या त्या मायग्रेशनला पिन कुठे ठोकता येईल?

---

आयरिश_पाऊस | गुरुवार, रात्री ९:५०

काका, शुक्रवारच्या मीटिंगचा शेवटचा प्रश्न तुम्ही लिहून दिलात. पिन आहे. नाव `lock_timeout`.

```sql
SET lock_timeout = '3s';
ALTER TABLE orders ADD COLUMN gift_note text;
```

तीन सेकंदांत लॉक मिळालं नाही तर मायग्रेशन आपणहून माघार घेतं आणि मागची रांग मोकळी होते. निशाचर, हे शुक्रवारी तुम्ही सांगू नका. त्यांच्यातूनच येऊ द्या.

---

करडा_डोंगर | गुरुवार, रात्री १०:४५

वीस वर्षं टीम सांभाळतोय, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. राग मानू नये.

माझ्याकडे एक जण होता. नियम होता की शुक्रवारी दुपारनंतर डिप्लॉय करायचं नाही. त्याने तीन वेळा केलं, तिन्ही वेळा सांगून, तिन्ही वेळा लोकांचे शनिवार गेले. प्रत्येक रिव्ह्यूत आम्ही ‘सिस्टिम कुठे कमी पडली’ ते शोधत बसलो. टीममधली चांगली माणसं वैतागली, त्यातली एक सोडून गेली. ब्लेमलेसच्या नावाखाली मी एका माणसाशी करायचं बोलणं टाळत होतो. कुणाचाच दोष नाही म्हटलं की जबाबदारी कुणाची?

---

आयरिश_पाऊस | शुक्रवार, पहाटे २:१५

राग कसला, हा प्रश्न खराच आहे. जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये एट्सीच्या ब्लॉगवर या पद्धतीबद्दल लिहिलं, तेव्हाही त्यांना हा खुलासा करावा लागला होता की याचा अर्थ सगळ्यांना मोकळं सोडणं असा नाही. ज्याच्या हातून घडलं त्याला तपशीलवार सांगण्याची जबाबदारी मिळते, कारण ते दुसरं कुणी सांगूच शकत नाही.

तुमच्या त्या माणसाबद्दल माझं मत: ते बोलणं व्हायलाच हवं होतं, पण रिव्ह्यूच्या खोलीबाहेर, तुम्ही आणि तो, दोघांत. खोलीत एकदा जरी शिक्षा झाली तरी पुढच्या वेळी कुणी “माझं मायग्रेशन चालू आहे” असं चॅटवर टाकणार नाही. निशाचरच्या ज्युनियरने ११:४७ ला टाकलं होतं, म्हणून आपल्याला टाईमलाईन मिळाली.

गिटलॅबचं ३१ जानेवारी २०१७ चं आउटेज बघा. रात्री उशिरा एका इंजिनियरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी गेलं होतं. कंपनीने जाहीर केलेल्या अहवालात त्याचा उल्लेख फक्त ‘टीम मेंबर १’ असा आहे. आता तो एकटा धरला असता तर खरी गोष्ट बाहेर आलीच नसती. रोजचा बॅकअप कितीतरी दिवस होतच नव्हता, कारण `pg_dump` ९.२ चं चालत होतं आणि डेटाबेस ९.६ चा होता. बॅकअप फसल्याच्या मेल निघत होत्या, पण सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी हाती लागली ती सहा तासांपूर्वी स्टेजिंगसाठी योगायोगाने घेतलेली प्रत. पुसणाऱ्याला काढून टाकलं असतं तरी बॅकअप सुरू झाला नसता.

---

करडा_डोंगर | शुक्रवार, सकाळी ९:१०

खोलीबाहेर बोलायचं हे पटलं. पण ॲप्रेझलच्या वेळी मॅनेजरच्या डोक्यातून तो रिव्ह्यू कसा पुसणार? ते मला अजून सुटलेलं नाही.

---

थेट_मुद्दा | शुक्रवार, सकाळी ९:३०

लॉकच्या रांगेचं माहीत नव्हतं, मान्य. तरीही ॲनालिस्टने चालू डेटाबेसवर काम करू नये, यावर ठाम आहे.

---

निशाचर | शनिवार, सकाळी ११:००

काल झाला रिव्ह्यू. ठरला होता तासाचा, चालला दीड तास. जसा झाला तसा लिहितो.

मॅनेजरना विनंती केली होती की पहिला अर्धा तास फक्त ऐका. ते मागच्या खुर्चीवर बसले. टाईमलाईन भिंतीवर लावली आणि प्रत्येक ओळ ज्याची त्याने वाचायची असं ठरवलं. मी फक्त “तेव्हा समोर काय दिसत होतं?” एवढंच विचारत होतो.

ज्युनियरच्या पाळीला खोली शांत झाली. त्याने लॅपटॉप फिरवून त्या वेळचं टर्मिनल दाखवलं. एक ओळ, खाली रिकामी जागा. तो म्हणाला, “सात मिनिटांनी मी कंट्रोल-सी दाबायला गेलो होतो. बोट ठेवलं होतं. पण अर्धवट राहिलं तर टेबल खराब होईल अशी भीती वाटली.” सीनियर म्हणाली, “दाबलं असतंस तर तिथेच संपलं असतं. पण हे तुला आम्ही कधी सांगितलं?” आणि मग एकेक जण कबूल करत गेला की आपल्यालाही नक्की माहीत नव्हतं. नऊपैकी सहा जणांना वाटत होतं की मध्येच थांबवलं तर टेबल बिघडतं.

हे मी आदल्या दिवशी त्याच्याशी एकट्याने बोललो तेव्हाही निघालं नव्हतं.

मग ॲनालिस्ट. तिने आधी हात जोडून “सॉरी” म्हटलं, मी थांबवलं आणि तोच प्रश्न विचारला. तिचं ऑटो-कमिट बंद होतं कारण दोन महिन्यांपूर्वी तिच्या हातून एक `UPDATE` चुकून `WHERE` शिवाय गेला होता. तेव्हा आमच्यातल्याच एकाने तिला सांगितलं होतं, “ऑटो-कमिट बंद ठेव, म्हणजे चुकलं तर मागे घेता येईल.” तो सल्ला देणारा मी होतो. मला आठवतही नव्हतं. खोलीत सांगितलं तसं.

ऑन-कॉलवाल्याने सीपीयूचा ग्राफ दाखवला. त्या डॅशबोर्डवर लॉकसाठी थांबलेल्यांचा आकडाच नाही. आमच्या रनबुकमध्ये पहिली ओळ आहे: “ॲप प्रतिसाद देत नसेल तर रिस्टार्ट करा.” त्याने ती ओळ पाळली होती.

शेवटी काकांचा प्रश्न विचारला, पिन कुठे ठोकता येईल? `lock_timeout` खरंच त्यांच्यातूनच आलं, ज्युनियरनेच शोधून ठेवलं होतं. तीनच कामं ठरवली. मायग्रेशन चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये `lock_timeout` आपोआप लागेल. डॅशबोर्डवर लॉकसाठी थांबलेल्या सेशनचा आकडा येईल, आणि रनबुकमध्ये रिस्टार्टच्या आधी वरची क्वेरी. तिसरं रिपोर्टिंगच्या युजरसाठी:

```sql
ALTER ROLE reporting SET idle_in_transaction_session_timeout = '5min';
```

प्रत्येक कामाला एक नाव आणि एक तारीख. थेट_मुद्दा यांचं म्हणणंही मांडलं होतं. रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका घ्यायची की नाही यावर वाद झाला, पैसे लागतात, ठरलं नाही.

‘जबाबदार व्यक्ती’च्या रकान्यात तिन्ही कामं पूर्ण करून घेणारा म्हणून माझं नाव टाकलं. मॅनेजरनी फॉर्म घेतला. रकाना बदलायचं वर विचारतो म्हणालेत. ॲप्रेझलबद्दल स्पष्ट काही बोलले नाहीत, त्यामुळे करडा_डोंगर यांचा प्रश्न आमच्याकडेही तसाच आहे.

---

मोगरा | शनिवार, सकाळी ११:२०

“बोट ठेवलं होतं” वाचून थांबले दोन मिनिटं. असं कुणी मेलमध्ये लिहीत नाही.

---

आयरिश_पाऊस | शनिवार, दुपारी २:४५

कंट्रोल-सीचं हे सर्वात मोलाचं निघालं. `ALTER` मध्येच सोडलं तर पोस्टग्रेस ते पूर्ण मागे घेतं, टेबलाला धक्का लागत नाही. हे रनबुकमध्ये शब्दांत लिहा.

दोन सूचना. तीन सेकंदांनी मायग्रेशन फसेल तेव्हा कुणीतरी वैतागून मर्यादा पाच मिनिटांवर नेईल. म्हणून स्क्रिप्टला थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायला शिकवा. आणि ती पाच मिनिटांची मर्यादा आज उघड्या असलेल्या सेशनना लागू होत नाही, फक्त नवीन जोडणीला. ॲनालिस्टला टूल एकदा बंद करून उघडायला सांगा. तिला हेही सांगा की पाच मिनिटांनी जोडणी तुटेल आणि कमिट न केलेलं मागे जाईल. नाहीतर तिच्यासाठी तुम्ही नवीन आउटेज तयार कराल.

---

भोसरीकर | शनिवार, संध्याकाळी ७:००

छान झालं. एक विचारतो. आमची पिन दर पाळीला तपासावी लागे, झिजायची. तुमची पिन जागेवर आहे का ते कोण बघणार?

---

निशाचर | शनिवार, संध्याकाळी ७:४०

काका, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. सोमवारी टीमसमोर ठेवतो.

---

निशाचर | तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, दुपारी १२:३०

धागा वर काढतोय. काकांच्या प्रश्नावर असं ठरलं: दर महिन्याला एक जण स्टेजिंगवर मुद्दाम ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून मायग्रेशन चालवेल आणि ते तीन सेकंदांत माघार घेतं का ते बघेल. या महिन्याचं ॲनालिस्टने स्वतः मागून घेतलं.

आणि आज सकाळी प्रॉडवर ज्युनियरच्या मायग्रेशनने हे दाखवलं:

```
ERROR:  canceling statement due to lock timeout
```

दोन्ही प्रयत्न फसले. त्याने `pg_stat_activity` पाहिलं, एक रात्रीचा जॉब लांबून अजून चालूच होता. तो संपेपर्यंत वीस मिनिटं थांबला, पुन्हा चालवलं, झालं. ऑर्डरी चालूच होत्या. चॅटवर त्याने दोन ओळी टाकल्या, काय दिसलं आणि काय केलं. खाली विचारलं होतं, “जॉब एवढा का लांबतोय ते मी बघू का?”